दुपारी सोलर इन्व्हर्टर सारखा बंद पडतो? मर्यादा वाढवण्याआधी हे तपासा

गोव्यातल्या डिचोली, सत्तरी आणि पेडणे भागात छपरावरच्या सोलरची दुरुस्ती करताना एक तक्रार मला सर्वांत जास्त ऐकू येते: ऊन कडक झाले की इन्व्हर्टर बंद पडतो. घरमालकाने तोपर्यंत कोणाकडून तरी ऐकलेले असते की आतली व्होल्टेजच्या मर्यादेची सेटिंग बदलली की काम होते. काम होते, हे खरे आहे. पण त्या सेटिंगमुळे खांबावर चढलेल्या माणसाच्या हाताखालची तार जिवंत राहू शकते. ती न बदलता हा दोष कसा शोधायचा, ते सांगतो. हे वीज खात्याच्या जाळ्याला, म्हणजे ग्रिडला जोडलेल्या, नेट मीटरवरच्या इन्व्हर्टरबद्दल आहे.

लक्षणे

सकाळी सगळे ठीक असते. साधारण अकरा ते तीनच्या दरम्यान इन्व्हर्टर बंद होतो, काही वेळाने आपोआप सुरू होतो आणि परत बंद होतो. ढग आला की बरा चालतो, ऊन आले की पडतो. घरात माणसे नसतील, पंप किंवा एसी चालू नसेल, त्या दिवशी त्रास जास्त होतो. पडद्यावर किंवा मोबाइलच्या ॲपमध्ये `Grid Overvoltage` असे काहीतरी दिसते. कंपनीप्रमाणे शब्द बदलतात.

कधीकधी `No Utility` किंवा `Grid Lost` दिसते, आणि शेजाऱ्याकडे मात्र वीज असते. तो वेगळा धागा आहे, खाली येईल.

दोन गोष्टी दोष नाहीत. वीज गेल्यावर सोलरही बंद होते, भर उन्हातसुद्धा. ते तसेच व्हायला हवे. आणि वीज परत आल्यावर इन्व्हर्टर लगेच सुरू होत नाही, कारण केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार व्होल्टेज आणि वारंवारता किमान ६० सेकंद स्थिर राहिल्याशिवाय त्याने पुन्हा जोडायचे नसते. काही इन्व्हर्टर याहून जास्त थांबतात.

उलटे लक्षण मात्र धोक्याचे आहे. खात्याची वीज गेली, शेजारी काळोख आहे, तुमच्याकडे बॅटरी किंवा जनरेटर नाही, आणि तरी घरातले पंखे फिरत आहेत. असे एकदा जरी दिसले तरी पुढची तपासणी करत बसू नका. इन्व्हर्टरचा एसी आयसोलेटर, म्हणजे त्याला जाळ्यापासून तोडणारा स्विच, पाडा आणि शेवटच्या भागाकडे जा.

इन्व्हर्टर बंद का होतो

वीज जास्त व्होल्टेजकडून कमीकडे वाहते. इन्व्हर्टरला वीज बाहेर ढकलायची असेल तर त्याला आपले व्होल्टेज खांबावरच्यापेक्षा थोडे वर ठेवावे लागते. वाटेतली वायर जितकी बारीक आणि लांब, तितके ते जास्त वर जाते. नियमाप्रमाणे व्होल्टेज ठरलेल्या मूल्याच्या ११० टक्क्यांवर किंवा ८० टक्क्यांखाली गेले की इन्व्हर्टरने २ सेकंदांत जाळ्यापासून सुटायचे असते. २३० व्होल्ट धरलेल्या इन्व्हर्टरसाठी याचा अर्थ वर २५३ आणि खाली १८४. वारंवारता ५०.५ च्या वर किंवा ४७.५ हर्ट्झच्या खाली गेली तर ०.२ सेकंदांत.

हे आकडे केवळ घरातल्या फ्रीजच्या रक्षणासाठी नाहीत. जाळे गेले आहे हे इन्व्हर्टर याच आकड्यांवरून ओळखतो.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. जूनमधली दुपार आहे, वारा सुटला आहे, आणि माडाचे चुडत पडून वाड्याकडे जाणारी लाईन वरच्या बाजूला तुटली. तुटलेल्या टोकापुढे पाच घरे उरली. त्यांतल्या एका घरावर ५ किलोवॉटचे सोलर आहे आणि ढगांतून ऊन पडल्यामुळे ते ४ किलोवॉट देत आहे. पाच घरांचे मिळून २ किलोवॉटच लागत असतील तर व्होल्टेज उसळते, ८ लागत असतील तर कोसळते. दोन्ही वेळा मर्यादा ओलांडली जाते आणि इन्व्हर्टर क्षणात सुटतो. म्हणजे इन्व्हर्टर एवढासा, तो अख्ख्या गावाला काय पुरणार, हा युक्तिवाद पूर्ण गावापुरता खरा आहे. पण तार तुटल्यावर पूर्ण गाव जोडलेले उरतच नाही.

आता समजा त्या क्षणी पाच घरांत बरोबर ४ किलोवॉट लागत होते, आणि पंपांच्या मोटारी व कपॅसिटर यांचाही मेळ बसला. व्होल्टेज हलत नाही, वारंवारता हलत नाही. नुसते पाहत बसणाऱ्या इन्व्हर्टरला काही घडल्याचे कळणारच नाही. जाळ्यापासून सुटलेला हा जिवंत तुकडा म्हणजे बेट. आयलंडिंग म्हणतात ते हेच.

म्हणून इन्व्हर्टर नुसता पाहत नाही, अधूनमधून ढकलूनही बघतो. धक्क्याला लावलेली होडी दोराने बांधलेली आहे की नाही हे कळायला पायाने हलकेच रेटतात, तसे. बहुतेक इन्व्हर्टर आपल्या विजेची वारंवारता किंचित एका बाजूला सरकवू पाहतात. मागे पूर्ण जाळे असेल तर ते ढिम्म हलत नाही. जाळे नसेल तर वारंवारता सरकते, ती सरकलेली दिसताच इन्व्हर्टर आणखी जोराने रेटतो, आणि बघता बघता ५०.५ किंवा ४७.५ ची रेषा ओलांडली जाते. मग तो सुटतो. भारतात विकल्या जाणाऱ्या इन्व्हर्टरची ही परीक्षा आयएस १६१६९ या मानकाप्रमाणे होते. त्यात प्रयोगशाळेत मुद्दाम असा जुळलेला भार लावतात आणि २ सेकंदांत बंद होतो का ते पाहतात.

आता सेटिंगकडे या. कोणी वरची व्होल्टेज मर्यादा २८० केली आणि वारंवारतेची ४५ ते ५५, तर रेटणे चालूच राहते, पण ओलांडायची रेषा दूर गेली. जे बेट आधी अर्ध्या सेकंदात मेले असते ते आता जास्त वेळ जगेल, आणि काही वेळा मरणारही नाही.

लाईनमनच्या बाजूने

वाळपईच्या बाजूला एका घरी मी काम करत होतो, तेव्हा खांबाखाली उभ्या असलेल्या लाईनमन काकांनी मला विचारले होते, "आम्ही शटडाऊन घेतो तो फीडरचा. तुमच्या छपरावरच्याचा कोण घेणार?" माझ्याकडे तेव्हा चांगले उत्तर नव्हते.

शटडाऊन घेतल्यावर लाईन दोन्ही बाजूंनी मेलेली आहे असे धरण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, कारण पूर्वी वीज एकाच बाजूने यायची. नियम सांगतो की टेस्टरने तपासा, तारा एकत्र शॉर्ट करून अर्थ करा, मगच हात लावा. पण पावसात एका घराची सर्व्हिस वायर जोडताना हे सगळे दर वेळी होतेच असे नाही. आणि तपासल्यानंतर ढग हटून बेट उभे राहिले तर? शिवाय मागून आलेली वीज ट्रान्सफॉर्मरच्या ४३३ व्होल्टच्या बाजूने शिरली तर वरच्या बाजूला ती ११,००० च्या प्रमाणात चढते. ट्रान्सफॉर्मर दिशा विचारत नाही. काका ११ केव्हीच्या तारेवर असतील तर त्यांना तुमच्या छपराचा संशयही येणार नाही.

दोन सेकंदांची मुदत अशीच ठेवलेली नाही. माणसाला खांबावर पोहोचायला त्याहून खूप जास्त वेळ लागतो. न संपणारे बेट हा खरा धोका आहे.

तपासणी: सोप्यापासून अवघडाकडे

पहिली, फुकटची: नोंद. चार दिवस इन्व्हर्टर कधी पडला, पडद्यावर काय लिहिले आणि तेव्हा बाकीच्या वाड्यात वीज होती का, एवढे लिहून ठेवा. ॲपमध्ये जुन्या त्रुटी वेळेसकट मिळतात. शेजाऱ्यांची वीजही त्याच वेळी जात असेल तर इन्व्हर्टर आपले काम चोख करतो आहे आणि तक्रार लाईनची आहे. पावसाळ्यात मला बोलावणाऱ्या घरांपैकी बरीच इथेच सुटतात.

दुसरी, तीही फुकट: दोन आकडे. भर उन्हात, इन्व्हर्टर चालू असताना त्याच्या पडद्यावरचे एसी व्होल्टेज लिहा. लगेच मीटरकडे जा. बहुतेक डिजिटल मीटर आळीपाळीने व्होल्टेजही दाखवतात, तो आकडा लिहा. मग सूर्य मावळल्यावर मीटरचा आकडा पुन्हा बघा. मल्टिमीटर लागत नाही, काही उघडावे लागत नाही, आणि दोष कोणाच्या हद्दीत आहे हे इथेच कळते. इन्व्हर्टर आणि मीटर यांच्यातला फरक तुमच्या वायरिंगचा. मीटरचाच आकडा दुपारी फार वर असेल तर तो खात्याच्या बाजूचा.

सत्तरीतल्या एका घराचे उदाहरण देतो. ५ किलोवॉटचा सिंगल फेज इन्व्हर्टर गोठ्याशेजारच्या खोलीत बसवलेला होता आणि मुख्य बोर्ड तिथून ४० मीटरवर. सूर्य मावळल्यावर मीटरवर २३८. दुपारी इन्व्हर्टर २० अँपिअर ढकलत असताना मीटरवर २४३, आणि इन्व्हर्टरवर २५५. दोन सेकंदांत बंद. म्हणजे खात्याच्या लाईनमध्ये ५ व्होल्ट चढत होते, आणि घरातल्याच वायरमध्ये १२.

वायर ४ चौरस मिलिमीटर तांब्याची होती. तिचा रोध १००० मीटरला साधारण ५ ओहम. जाणे-येणे धरून ८० मीटर, म्हणजे ०.४ ओहम. त्याला २० अँपिअरने गुणा: ८ व्होल्ट. मोजले होते १२. मग उरलेले ४ व्होल्ट कुठे गेले?

तिसरी, इलेक्ट्रिशियनकडून: सांधे. ते ४ व्होल्ट न्यूट्रलच्या पट्टीवर सापडले. स्क्रू सैल होता, वायरचे आवरण तपकिरी झाले होते. ४ व्होल्ट गुणिले २० अँपिअर म्हणजे ८० वॉट उष्णता, एका स्क्रूएवढ्या जागेत. आणखी एक उन्हाळा गेला असता तर तो बोर्ड जळला असता, आणि मर्यादा वाढवली असती तर इन्व्हर्टर त्या स्क्रूला रोज दुपारी गुपचूप भाजत राहिला असता. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत ॲल्युमिनियम आणि तांबे थेट एकत्र पिळलेले सांधेही असेच कुजतात. त्यांना दोन धातूंसाठीचे लग लागतात.

शेजाऱ्याकडे वीज असताना `No Utility` येत असेल तर तोही बहुधा इथलाच प्रकार असतो: सैल न्यूट्रल किंवा खराब झालेला एमसीबी.

हे काम बंद करून करायचे. आधी इन्व्हर्टरचा एसी आयसोलेटर, मग डीसी आयसोलेटर, मग मुख्य स्विच. पॅनेलकडून येणाऱ्या वायरमध्ये ऊन असेपर्यंत काहीशे व्होल्ट असतातच, स्विच पाडला तरी. चालू असताना त्यांचे कनेक्टर ओढू नका. डीसीची ठिणगी सहज विझत नाही.

चौथी, खर्चाची: वायर. त्या घरी आम्ही १० चौरस मिलिमीटरची वायर घातली. तिचा रोध १००० मीटरला सुमारे १.९ ओहम, म्हणजे तेवढ्याच अंतराला ३ व्होल्ट. दुपारी इन्व्हर्टरवर २४६ दिसू लागले आणि तक्रार संपली. वायर महाग आहे, मान्य. इन्व्हर्टर बोर्डाजवळ हलवणे कधीकधी स्वस्त पडते, कारण डीसीच्या बाजूला व्होल्टेज जास्त आणि अँपिअर कमी असतात. तिथल्या लांबीचा त्रास कमी होतो.

पाचवी: सेटिंग फक्त बघा. तंत्रज्ञाच्या मेनूत देशाचा किंवा ग्रिडचा कोड असतो. तो भारताचा आहे का, मर्यादा वर सांगितल्याप्रमाणे आहेत का, आणि `Anti-Islanding` असा पर्याय असेल तर तो चालू आहे का, हे पाहून फोटो काढून ठेवा. सत्तरीच्या घरी मी हे पाहिले तेव्हा कोणीतरी आधीच वरची मर्यादा २६५ करून ठेवली होती आणि नंतर कंपनीच्या अपडेटने ती परत २५३ वर आणली होती. मालकांना वाटत होते की अपडेटने इन्व्हर्टर बिघडवला. बदललेले दिसले तर स्वतः आकडे टाकत बसू नका, बसवणाऱ्या कंपनीकडून मूळ कोड लावून घ्या.

सहावी: वीज जाण्याची चाचणी. दुरुस्तीनंतर मी ही नेहमी करतो, पण इलेक्ट्रिशियन हजर असतानाच. टीव्ही, फ्रीज आणि नाजूक वस्तू काढून ठेवा, कारण सुटण्याच्या क्षणी व्होल्टेज उसळू शकते. दोनचार पंखे, इस्त्री, दिवे चालू ठेवा. उन्हात, मोबाइलवर चित्रीकरण सुरू करून, घराचा मुख्य स्विच पाडा. दिवे २ सेकंदांच्या आत विझले पाहिजेत. स्विच परत चढवल्यावर इन्व्हर्टरने ६० सेकंदांच्या आत वीज देता कामा नये.

अनेकजण इथे इन्व्हर्टरचाच एमसीबी पाडतात आणि बंद झाला म्हणून समाधान मानतात. त्यात इन्व्हर्टरपुढे काही भारच उरत नाही, तो बंद होणारच. मुख्य स्विच पाडला की घराचा भार त्याच्या गळ्यात राहतो, म्हणून ती चाचणी थोडी तरी अर्थाची. तरीही ही सोपी परीक्षा आहे. जुळलेल्या भाराची परीक्षा प्रयोगशाळेतच होते. घरी नापास झाला तर इन्व्हर्टर नक्की धोकादायक, पण घरी पास झाला म्हणजे सगळे सिद्ध झाले असे नाही.

सातवी, जिथे जनरेटर किंवा बॅटरी आहे तिथे: चेंजओव्हर. इथे इन्व्हर्टरची हुशारी कामाला येत नाही. जनरेटर स्वतःच व्होल्टेज उभे करतो, आणि बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर मुद्दाम घरापुरते बेट बनवतो. ते बेट घरातच राहावे ही जबाबदारी चेंजओव्हरची किंवा आतल्या रिलेची असते. दोन्ही टोकांना पिनांचे प्लग असलेल्या वायरने जनरेटर सॉकेटमध्ये घालणारी घरे मी पाहिली आहेत. चतुर्थीला वीज गेली की हमखास. ती वायर लाईन जिवंत करते, वर सोलरला वाटते जाळे आले आणि तोही येऊन मिळतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, मधे बंद जागा असलेला चेंजओव्हर स्विच लावा. बॅकअपच्या दिव्यांचा न्यूट्रल उरलेल्या घराच्या न्यूट्रलशी कुठे जोडला गेला नाही ना, हेही बघून घ्या.

थांबायचे कुठे

मीटरवरचे व्होल्टेजच दुपारी २५० च्या आसपास असेल, किंवा एखादी मोठी वस्तू लावताच दिवे कधी फार तेज, कधी मंद होत असतील, तर दोष सर्व्हिस वायरमध्ये, खांबावरच्या न्यूट्रलमध्ये किंवा ट्रान्सफॉर्मरच्या टॅपमध्ये असू शकतो. मीटरचे सील, खांब, सर्व्हिस वायर यांना हात लावायचा नाही. १९१२ वर तक्रार करा आणि नुसते "व्होल्टेज जास्त आहे" न सांगता दुपारचा आणि सूर्य मावळल्यानंतरचा मीटरचा आकडा, तारीख आणि वेळ द्या. आकडे दिले की लाईनवर येणारा माणूस योग्य वेळी, म्हणजे उन्हात, येतो.

इन्व्हर्टर चाचणीत २ सेकंदांत सुटला नाही, किंवा वीज गेलेली असताना चालू दिसला, तर एसी आणि डीसी आयसोलेटर बंद करून तो तसाच ठेवा. आतला रिले चिकटलेला असू शकतो. तो भाग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा आहे, माझाही नाही. कव्हर उघडू नका, आतले कपॅसिटर बंद केल्यानंतरही काही मिनिटे भरलेले राहतात. आणि खात्याच्या स्थानिक कार्यालयात त्याच दिवशी कळवा.

एक काम मात्र आजच करता येईल. नियमाप्रमाणे सोलर आणि जाळे यांच्यामध्ये हाताने चालणारा, उघडा असल्याचे डोळ्यांना दिसणारा आणि कुलूप लावता येणारा आयसोलेटर लागतो, आणि खात्याच्या माणसाला तिथे पोहोचता यायला हवे. बऱ्याच घरांत तो कुलूपबंद खोलीत किंवा लाकडांच्या ढिगामागे असतो. ढीग हलवा, आणि मीटरजवळ मराठीत ठळक लिहा: "या घरावर सोलर आहे, आयसोलेटर उजव्या भिंतीवर." त्या लाईनमन काकांना मी आता हाच कागद दाखवतो.